जुनी निक्कॉर लेन्स कोणत्या बॉडीला बसेल? फोटोवरून ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांमधून दिवाळीच्या साफसफाईत एखादी लेन्स निघतेच. काकांची, आजोबांची, कधी बंद पडलेल्या स्टुडिओची. मग मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "ही माझ्या कॅमेऱ्याला लागेल का?" बडोद्यातल्या घरांतून माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या जुन्या हातफोकसच्या निक्कॉर लेन्सा, आणि घाईने लावली तर बॉडी खराब होते तीही नेमकी त्यांच्यामुळेच. म्हणून इथे मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे.

फोटो कसे काढून पाठवू?

चार फोटो हवेत. पहिला समोरून, काचेभोवतीची अक्षरं वाचता येतील असा. दुसरा बाजूने, ॲपर्चर रिंगवरचे, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या फिरत्या कड्यावरचे आकडे आणि त्यावर धातूचे कान असतील तर तेही दिसतील असा. तिसरा मागून, माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीत अडकते त्या मागच्या धातूच्या भागाच्या अगदी समोर फोन धरून. चौथा सगळेजण विसरतात आणि मला तोच सगळ्यात जास्त हवा असतो. लेन्स आडवी ठेवायची, मागची बाजू थोडी आपल्याकडे वळवायची आणि ॲपर्चर रिंगची मागची कडा तिरकी टिपायची. लेन्स थोडी-थोडी फिरवून त्या कडेचा पूर्ण फेरा दिसेल असे दोन-तीन फोटो काढलेत तर फारच चांगलं.

फ्लॅश नको. काळ्या धातूवर तो चमकतो आणि कोरलेली अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. सकाळी खिडकीपाशी, पांढऱ्या रुमालावर ठेवून काढा. फोन लेन्सला चिकटवू नका. हातभर लांब ठेवून दुप्पट झूम करा, नाहीतर जवळच्या गोष्टी फुगून दिसतात आणि मापं चुकतात.

मागच्या फोटोत माउंटच्या पातळीवर, म्हणजे तेवढ्याच उंचीवर, दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं आहे. निकॉनच्या एफ माउंटचं तोंड ४४ मिलिमीटरचं, कॅननच्या ईएफचं ५४. म्हणजे फोटोत लेन्सचा मागचा गोल नाण्याच्या साधारण १.६ पट भरला तर निकॉन असू शकते, दुप्पट भरला तर कॅनन. खाली टेबलावर ठेवलेलं नाणं मात्र कॅमेऱ्यापासून लांब पडतं, ते लहान दिसतं आणि हिशोब चुकवतं.

समोर नाव लिहिलेलं असतंच की. तेवढ्यावरून कळत नाही का?

लेन्स कोणती आहे ते कळतं. ती कुठे बसेल ते कळतंच असं नाही. लेन्स कुठे बसते ते तिच्या मागच्या बाजूवर ठरतं, आणि पुढचं नाव तसंच राहून मागची बाजू बदललेली असू शकते.

नाव वाचायची रीत मात्र सोपी आहे. जुन्या निक्कॉरवर नावापुढे एक अक्षर असतं: क्यू, पी, एच, एस, ओ असं. आत काचेचे किती भिंग आहेत ते हे अक्षर सांगतं. क्यू म्हणजे चार, पी पाच, एच सहा, एस सात, ओ आठ. लॅटिन-ग्रीक आकड्यांची ती आद्याक्षरं आहेत. त्यानंतर टिंब देऊन सी असेल तर काचेवर अनेक थरांचा लेप आहे. 'ऑटो' शब्द बघून बरेच जण ऑटोफोकस समजतात. तसं नाही. फोटो काढताना ॲपर्चरची पाती आपोआप बंद होतात आणि नंतर परत उघडतात, एवढाच त्याचा अर्थ. फोकस हातानेच करायचा.

'१:२' म्हणजे सगळ्यात मोठं ॲपर्चर एफ/२. बाकीचा मोठा आकडा लेन्सचा सिरियल नंबर. त्यावरून साधारण काळ लावता येतो, माउंट नाही.

एफ माउंट १९५९ पासून एकच आहे म्हणतात. मग कुठलीही निक्कॉर कुठल्याही निकॉनला लागायला हवी ना?

इथेच फसगत होते. १९५९ च्या निकॉन एफपासून माउंटचे तीन दात आणि फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं ४६.५ मिलिमीटर अंतर तेच आहे हे खरं. पण लेन्सने 'आत्ता मी कितीवर आहे' हे बॉडीला सांगायची पद्धत बदलली.

आधी ॲपर्चर रिंगवरचे धातूचे दोन कान बॉडीतल्या मीटरच्या, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राच्या खुंटीला पकडायचे. १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली. बॉडीच्या माउंटभोवती एक छोटी पट्टी बसवली आणि लेन्सच्या ॲपर्चर रिंगची मागची कडा काही भागात कापून तिला एक पायरी दिली. लेन्स लावली की ती पायरी पट्टीला ढकलते आणि बॉडीला ॲपर्चर समजतं.

१९७७ पूर्वीच्या रिंगला ती पायरी नाही. तिची मागची कडा सगळीकडून सारखी, पूर्ण उंचीची. अशी लेन्स पट्टी असलेल्या बॉडीवर फिरवली की ती अख्खी कडा पट्टीवर चढते, आणि जोर केला की पट्टी वाकते किंवा तुटते. कॉलेजात असताना मित्राच्या कॅमेऱ्यावर मी हे माझ्या हाताने केलं आहे. शेवटच्या थोड्या फेऱ्यात लेन्स अडली. गंज असेल असं समजून मी जोर केला आणि एक बारीक 'कट' असा आवाज आला. लेन्सला काही झालं नाही, पण त्या बॉडीचा मीटर त्यानंतर कधी खरा बोलला नाही. तो आवाज मला अजून आठवतो, म्हणूनच चौथ्या फोटोचा माझा एवढा आग्रह असतो.

फोटोत एआय आहे की नाही हे नेमकं कसं बघायचं?

तीन खुणा आहेत, आणि तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

पहिली, कान. एआयच्या आधीच्या लेन्सवर कान सलग धातूचे असतात. एआयवर त्या कानांना दोन भोकं असतात. खालच्या बारीक आकड्यांवर उजेड पडावा म्हणून ती ठेवलेली आहेत.

दुसरी, आकडे. एआयच्या ॲपर्चर रिंगवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. वरची नेहमीची मोठी, आणि खाली माउंटला अगदी लागून तेच आकडे बारीक अक्षरात. ही बारीक ओळ व्ह्यूफाइंडरमधून वाचण्यासाठी आहे. १९८१ नंतरच्या एआय-एस लेन्सांवर दोन्ही ओळींतला सगळ्यात लहान ॲपर्चरचा आकडा, बहुधा १६ किंवा २२, नारिंगी असतो.

तिसरी आणि निर्णायक खूण म्हणजे कडा. तिरक्या फोटोत रिंगची मागची कडा काही अंतर उंच आणि मग पायरी होऊन खाली गेलेली दिसली, तर एआय. पूर्ण फेऱ्यात एकसारखी दिसली, तर जुनी. पहिल्या दोन खुणा काहीही सांगोत, शेवटी बॉडीला टेकते ती कडाच.

एखादं खरं उदाहरण सांगाल का?

माझ्या आतेभावाचं सांगतो. त्याच्या सासऱ्यांच्या कपाटातून लेन्स निघाली. त्याच्याकडे निकॉनचा डी७२०० हा डिजिटल कॅमेरा आहे. त्याने आधी फक्त समोरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, लावून बघू का?"

त्यावर होतं 'निक्कॉर-एच ऑटो १:२', पुढे ५० मिलिमीटर, मग सिरियल नंबर आणि 'निप्पॉन कोगाकु जपान'. नावावरून सगळं स्पष्ट होतं. सहा भिंगांची ५० एफ/२, १९७७ च्या आधीची. डी७२०० वर पट्टी आहे आणि ती दुमडत नाही. मी लिहिलं, "अजिबात लावू नकोस. आधी बाजूचा आणि मागचा फोटो पाठव."

बाजूच्या फोटोत कान दिसले, आणि त्या कानांना दोन भोकं होती. इथे मी थांबलो, कारण एच ऑटोला भोकांचे कान असायला नकोत. झूम केलं तर २ पासून १६ पर्यंतच्या मोठ्या आकड्यांच्या खाली बारीक आकड्यांची दुसरी ओळही होती. तिरक्या फोटोत कडेला स्वच्छ पायरी, आणि कापलेल्या जागीसुद्धा बाकी रिंगसारखीच काळी झिलई.

म्हणजे या लेन्सची ॲपर्चर रिंग कुणीतरी अधिकृतपणे बदलून घेतली होती. एआय आल्यावर निकॉन जुन्या लेन्सांसाठी नव्या रिंगा बसवून देत असे. नाव जुनं, रिंग नवी. नुसतं नाव बघून मी कायमचं 'नाही' सांगितलं असतं, तर एक उत्तम लेन्स परत कपाटात गेली असती.

मग त्याला सांगितलं: टिंबाला टिंब जुळव, कॅमेऱ्याच्या समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरव, आणि कुठेही अडली तर तिथेच थांब. कुठेही न अडता लेन्स 'टक्' करून बसली. मेनूत `Non-CPU lens data` मध्ये ५० मिलिमीटर आणि एफ/२ भरलं. त्यानंतर `A` आणि `M` मोडमध्ये मीटर व्यवस्थित चालू झाला. ॲपर्चर लेन्सच्या रिंगवरून बदलायचं, फोकस हाताने. डी७२०० चा सेन्सर लहान असल्याने ती त्यावर ७५ मिलिमीटरसारखी दिसते, पोर्ट्रेटला छान.

कुणी कानसने घासून एआय केलेली लेन्स असेल तर?

अशाही येतात. कडा कापलेली असते, पण कापलेल्या जागी पांढरं ॲल्युमिनियम उघडं दिसतं, कानांना भोकं नसतात आणि आकड्यांची बारीक ओळ नसते. नीट काम केलेलं असेल तर ती पट्टीला न लागता बसते. पण पायरी जिथे सुरू व्हायला हवी तिथे नसेल, तर मीटर प्रत्येक फोटो सारख्याच प्रमाणात काळा किंवा पांढरा देतो. एकाच भिंतीचे चार वेगवेगळ्या ॲपर्चरवर फोटो काढून बघा. चारही सारखेच उजळ किंवा सारखेच काळे आले तर पायरी सरकलेली आहे, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने काम भागतं. किसाचे कण आत राहिले असतील ही भीती मात्र खरी आहे. आधी ब्लोअरने नीट साफ करा.

माझी लेन्स एआयच्या आधीचीच निघाली. मग कुठे लावू?

फिल्म कॅमेऱ्यांत एफएम, एफई आणि एफ३ यांची पट्टी वर दुमडता येते. दुमडा आणि लावा. एफएम२ ची पट्टी दुमडत नाही. नाव जवळजवळ सारखं असल्याने इथे फार जण चुकतात. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांकडे सापडणाऱ्या एफएम१० वरही जुनी लेन्स लावू नका.

डिजिटलमध्ये निकॉन डीएफची पट्टी दुमडते. डी४० आणि डी६० वर पट्टीच नाही, म्हणून लेन्स सुखरूप बसते, पण मीटर चालत नाही. निकॉनच्या झेड बॉडीवर कंपनीचा एफटीझेड ॲडॉप्टर वापरणार असाल तर त्याच्या यादीत एआयपूर्वीच्या लेन्सा निषिद्ध आहेत. एआय चालते.

सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे कुठलाही मिररलेस आणि साधा, विनाइलेक्ट्रॉनिक्सचा ॲडॉप्टर. त्याला पट्टी नसतेच. सोनीच्या ई माउंटमध्ये माउंट ते सेन्सर १८ मिलिमीटर आहे, निकॉन एफला ४६.५ हवेत, म्हणून मधला ॲडॉप्टर २८.५ मिलिमीटर जाडीचा. नुसती पोकळ नळी, आत काच नाही, त्यामुळे लेन्सच्या गुणात काही फरक पडत नाही.

एआय लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर चालेल का?

बसेल, मीटर चालणार नाही. `M` सोडून दुसऱ्या मोडमध्ये लेन्स लावलेलीच नाही असं कॅमेरा सांगतो आणि फोटो काढू देत नाही. स्क्रीनवर ॲपर्चरच्या जागी `F--` दिसतं. हा बिघाड नाही. `M` वर ठेवा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम बघा, शटर बदला. दोन-तीन फोटोंत हात बसतो. डी७५०० घेताना विशेष लक्ष द्या. डी७२०० नंतरचा मॉडेल असूनही त्यावरून पट्टी काढून टाकली आहे, म्हणून जुन्या लेन्सांसाठी डी७२०० जास्त उपयोगी.

मागे आटे आहेत. दात नाहीत. ही निकॉनला लागेल का?

४२ मिलिमीटरचे आटे असतील तर ती एम४२, झेनिट किंवा प्रॅक्टिका कॅमेऱ्यासोबत आलेली. निकॉनच्या डीएसएलआरवर तिच्यासाठी ॲडॉप्टर विकत मिळतो, पण घेण्यापूर्वी हा हिशोब बघा.

एम४२ ला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर हवेत. निकॉन ४६.५ देते. म्हणजे लेन्स निदान १.०४ मिलिमीटर पुढे सरकली, ॲडॉप्टर कितीही पातळ असला तरी. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी त्याचा परिणाम असा काढतात: ५० गुणिले ५० भागिले १.०४, म्हणजे सुमारे २४०० मिलिमीटर. अडीच मीटरच्या पलीकडचं काहीच फोकस होणार नाही. दिवाणखान्यात चालेल, सुरसागरच्या काठावर नाही. काही ॲडॉप्टरमध्ये हे भरून काढायला काच घातलेली असते, पण तिने चित्र मऊ पडतं. कॅननच्या ईएफ बॉडीला ४४ मिलिमीटर लागतात, तिथे एम४२ सहज बसते आणि दूरचंही फोकस होतं. मिररलेसवर तर प्रश्नच नाही.

नियम एकच. लेन्सला हवं असलेलं अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल तरच साधा ॲडॉप्टर पूर्ण काम करतो. म्हणूनच निकॉनची लेन्स कॅनन ईएफवर लागते, पण कॅननची निकॉनवर नीट लागत नाही.

'एल-निक्कॉर' लिहिलंय आणि फोकस रिंगच नाही. तुटली आहे का?

नाही, ती एन्लार्जरची लेन्स आहे, डार्करूममध्ये कागदावर प्रिंट काढायची. ज्यांच्या घरी स्टुडिओ होता त्यांच्याकडे ती हमखास मिळते, आणि नाव निक्कॉर असल्याने सगळे कॅमेऱ्याची समजतात. मागे ३९ मिलिमीटरचे आटे असतात, फक्त ॲपर्चरची रिंग असते. ती थेट बॉडीवर चालत नाही. बेलोजवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधल्या घडीच्या भात्यावर लावली की जवळच्या वस्तूंसाठी अतिशय तीक्ष्ण आहे. फेकू नका.

टॅमरॉन किंवा विविटार लिहिलं आहे. कोणता माउंट?

त्या एकाच नावाने अनेक माउंटांत निघाल्या. टॅमरॉनच्या ॲडाप्टॉल लेन्सांचा तर मागचा माउंटच सुटा निघतो. तिथे समोरचा फोटो जवळजवळ निरुपयोगी. मागचाच पाठवा.

लेन्सला ॲपर्चर रिंगच नाही, मागे सोनेरी टिकल्या आहेत. ही पण निक्कॉर. ही तर नवी ना?

हो, जी किंवा ई प्रकारातली. ती आजच्या बॉडीवर बसते, फक्त ऑटोफोकस बघावा लागतो. नावात एएफ-एस असेल तर मोटर लेन्समध्ये आहे, डी३५०० वरही फोकस होईल. नुसतं एएफ असेल आणि माउंटच्या कडेला स्क्रू फिरवायची खाच दिसली, तर मोटर बॉडीत हवी. डी७२०० मध्ये आहे, डी३५०० मध्ये नाही, एफटीझेडमध्येही नाही. रिंग असलेली एएफ लेन्स लावल्यावर स्क्रीनवर `fEE` आलं तर घाबरू नका. रिंग नारिंगी आकड्यावर फिरवून लॉक करा.

आजोबांच्या कॅमेऱ्यातून लेन्स निघतच नाही. कशी काढू?

वर एक, खाली एक अशा दोन लेन्सा असलेला पेटीसारखा कॅमेरा असेल तर ओढू नका. तो रोलाइफ्लेक्ससारखा ट्विन लेन्स कॅमेरा आहे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, ज्या शेवटपर्यंत आपल्या बडोद्यातच राहिल्या, त्याही रोलाइफ्लेक्स वापरत. रोलाइफ्लेक्सची लेन्स कॅमेऱ्याचाच भाग आहे, काढायची नसते.

फोटोवरून कोणती गोष्ट कळत नाही?

पाती तेलकट आहेत का, हे स्थिर फोटोत कळत नाही. ॲपर्चर एफ/१६ वर ठेवा, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून सोडा आणि त्याचा व्हिडिओ काढा. पाती झटकन बंद झाली पाहिजेत. रेंगाळली तर फोटो जास्त उजळ येतील, आणि माउंट बरोबर असूनही दोष बॉडीचा वाटेल.

फंगस बघायला लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर फंगस, सगळीकडे धुकं दिसलं तर ओल किंवा तेलाची वाफ. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात तळमजल्यावर भिजलेल्या लेन्सा अजूनही माझ्याकडे येतात. त्या बाहेरून स्वच्छ असतात, टॉर्च लावला की आत गढूळ.

शेवटी माउंटवरच्या स्क्रूंचा एक जवळचा फोटो काढा. त्यांची फुली चुरगळलेली असेल तर लेन्स आधी कुणीतरी उघडली आहे, बहुधा चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने. जपानी फुलीचा कोन साध्या फिलिप्सपेक्षा वेगळा असतो, म्हणून साधा स्क्रूड्रायव्हर घसरतो. अशा लेन्सचा माउंट तिरका बसलेला असू शकतो. विटांच्या भिंतीचा फोटो काढल्यावर एका बाजूची वीट तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूची मऊ दिसली, तर आधी तो माउंट नीट बसवून घ्या, मगच नवीन बॉडीचा विचार करा.